गोल टिनचं मिश्रण आयताकृती टिनमध्ये नेताना: पाणी मोजायचं की क्षेत्रफळ?

केकची कृती ८ इंची गोल टिनची आहे आणि घरात ११ बाय ७ इंची आयताकृती टिन आहे. अशा वेळी प्रमाण ठरवायच्या दोन रीती चालतात. एक म्हणजे दोन्ही टिन पाण्यानं काठोकाठ भरून पाणी मोजणं, दुसरी तळाची क्षेत्रफळं काढून त्यांची तुलना करणं.

पाण्याची रीत सोपी वाटते. गोलाकार कोपरे, नक्षीचे साचे किंवा वर पसरट होत जाणारे टिन असतील तर तीच बरी, कारण तिथं पट्टीनं मोजणं अवघड. सुट्या तळाच्या टिनमधून पाणी गळतं, पण तेही एखाद्या वेळी चालवून घेता येईल. खरी अडचण खोलीची आहे. कोल्हापुरात भांड्यांच्या दुकानांत ॲल्युमिनियमचे गोल टिन बघा. बरेच ३ इंच खोल असतात, आयताकृती मात्र २ इंचांचे. काठोकाठ भरलं तर दोन्हींत जेमतेम अडीच लिटर पाणी मावतं. म्हणजे हिशेब सांगतो, ‘तेवढंच मिश्रण ओता.’ तसं ओतलं की गोल टिनमधला २ सेंमीचा थर इथं सव्वा-दीड सेंमीचा होतो. केक चपटा होतो आणि कृतीतल्या वेळेपर्यंत ठेवला तर कडा कोरड्या पडतात. माझ्यापुरता निकाल इथंच लागला.

क्षेत्रफळानं गेलं तर थराची उंची तीच राहते. ८ इंची गोल म्हणजे ४ × ४ × ३.१४, साधारण ५० चौरस इंच. ११ × ७ म्हणजे ७७. भागाकार दीडच्या किंचित वर, तेव्हा सगळं दीडपट. कृतीत लोणी, साखर, मैदा प्रत्येकी १५० ग्रॅम असेल तर २२५ घ्यायचं, बेकिंग पावडर दीड चमचा असेल तर सव्वादोन. तीन अंड्यांची साडेचार होतात. पाचवं अंडं फेटून वजनकाट्यावर अर्धं, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम घ्यायचं. मापं मात्र आतल्या बाजूनं घ्या, बाहेर वळलेली कड धरू नका.

उलट जायचं असेल तर ५० ला ७७ नं भागायचं, साधारण दोन तृतीयांश. ७ इंची चौकोन आणि ८ इंची गोल यांत मात्र काहीच बदलू नका, ४९ आणि ५० म्हणजे सारखेच.

तापमान तेच ठेवावं. आयताकृती टिनचे कोपरे दोन बाजूंनी तापतात म्हणून आधी लाल होतात आणि मधला भाग मागे राहतो. सुरी मध्यभागीच घालून पाहावी.

पाण्याचीच सवय असेल तर काठापर्यंत भरू नका. दोन्ही टिनमध्ये तळापासून २ सेंमीपर्यंतच पाणी घाला आणि ते मोजा: गोलात साधारण ६५० मिली, आयतात लिटरभर. उत्तर पुन्हा दीडपटच येतं.