घरच्या कागदपत्रांची नोंद: बांधीव वही की स्प्रेडशीट?

घरातली महत्त्वाची कागदपत्रं आणि दागिने यांची एका जागी नोंद ठेवायची म्हटलं, की ती वहीत ठेवावी की स्प्रेडशीटमध्ये, हा प्रश्न येतोच. मी दोन्ही वापरलं आहे. रकाने दोन्हीकडे तेच असतात: कागद कोणाचा, क्रमांक काय, मूळ प्रत कुठे, मुदत कधी संपते. फरक कळतो तो लिहिलेलं बदलायची वेळ आली की.

मुदतीच्या तारखांत स्प्रेडशीट सरळसरळ पुढे आहे. समजा, पासपोर्ट १४ नोव्हेंबर २०२९ ला संपतो. पण लक्षात ठेवायची तारीख ती नव्हेच. बरेच देश प्रवेश देताना पासपोर्टला सहा महिने शिल्लक असावेत असा आग्रह धरतात, आणि नवा हातात येईपर्यंतचा वेळ म्हणून मी आणखी तीन महिने मागे जातो. म्हणजे कामाला लागायचं १४ फेब्रुवारी २०२९ ला. मुदतीची तारीख D2 मध्ये असेल, तर शेजारच्या रकान्यात एवढंच लिहायचं:

```
=EDATE(D2,-9)
```

उत्तरात तारखेऐवजी पाच आकडी संख्या दिसली तर घाबरू नका, त्या रकान्याला तारखेचा फॉरमॅट द्या. खरी अडचण वेगळी असते. तारीख टाकल्यावर ती रकान्यात आपोआप डावीकडे चिकटली, तर स्प्रेडशीटने तिला तारीख नव्हे, नुसता मजकूर मानलं आहे. मग क्रम लावताना ती ओळ भलतीकडेच जाते.

वहीत हे आपोआप काही होत नाही. मी शेवटची बारा पानं बारा महिन्यांना देऊन टाकली आहेत. वरचा पासपोर्ट फेब्रुवारीच्या पानावर '२०२९' या वर्षापुढे येतो. महिना उजाडला की त्याचं एक पान बघायचं. चालतं, पण बघायची आठवण माणसालाच ठेवावी लागते, हे मान्य.

तरीही माझा कल वहीकडे गेला तो 'मूळ प्रत कुठे' या एका रकान्यामुळे. घराच्या खरेदीखताचंच घ्या. आमचं खत कर्जापायी बँकेकडे होतं, कर्ज फिटल्यावर परत आलं, कपाटात गेलं आणि पुढे एका कामासाठी वकिलांकडे गेलं. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक वेळी जुनं पुसून नवं लिहिलं गेलं, आणि शेवटी उरलं फक्त 'वकिलांकडे'. कोणी दिलं, कधी दिलं, पोच घेतली का, काहीच नाही. ऑनलाइन स्प्रेडशीटमध्ये जुने बदल पाहता येतात हे खरं. पण तिथे दिसते ती रकाना बदलल्याची तारीख, कागद घराबाहेर गेल्याची नव्हे. आणि आमच्याकडे तरी या दोन्हींत बरंच अंतर पडायचं, कारण कागद काढताना हातात कागद असतो, स्प्रेडशीट नसते.

वही त्याच कपाटात, फायलींच्या वर, पेन बांधून ठेवली आहे. कागद काढणारा तिथेच उभ्या उभ्या लिहितो: तारीख, कोणाकडे, कशासाठी, सही. परत आला की त्या ओळीवर आडवी रेघ आणि पुढे परतीची तारीख. खोडलेली ओळही वाचता येते, आणि तेच कामाला येतं. नव्या पासपोर्टच्या अर्जात जुन्याचा क्रमांक अनेकदा विचारतात. तो रेघेखाली शाबूत असतो. जुन्या पासपोर्टवर चालू व्हिसा असेल तर ती पुस्तिकाही जपावी लागते, तेव्हा तिची ओळ खोडायची नाही, फक्त 'रद्द, व्हिसासाठी ठेवला' असा शेरा मारायचा.

दागिन्यांच्या बाबतीत मात्र मी दोन्हीकडे हात आखडता घेतो. वस्तूचं वर्णन, वजन, पावती कुठे आहे आणि विम्यासाठीचं मूल्यांकन पुन्हा कधी करायचं, इतकंच. वस्तू 'लॉकरमध्ये' असं लिहिलं तर किल्ली कुठे आहे ते त्याच वहीत लिहीत नाही. पासवर्डही नाही.

घरातली माणसं वेगवेगळ्या गावी असतील, कागदही तसेच विखुरलेले असतील, तर कदाचित स्प्रेडशीटच सोयीची पडेल. एका कपाटातली वही त्यांना काय कामाची? पण बहुतेक मूळ प्रती एकाच घरात असतील आणि कपाट दोघं-तिघं उघडत असतील, तर मी वही घ्या म्हणेन, आणि तीही बांधीव, कारण सुट्या पानांच्या फायलीतून पान निघून जातं. मुदतीच्या तारखा शिवाय फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकाव्यात, म्हणजे वहीची ती उणीव भरून निघते. दुसरी उणीव म्हणजे वही एकच असते. आग किंवा पाणी लागलं तर कागदांबरोबर तीही जाईल. म्हणून नवी नोंद झाली की त्या पानाचा फोटो काढून घराबाहेरच्या एका विश्वासाच्या माणसाकडे पाठवून ठेवतो.