कर पैजेवर की जिंकलेल्या पैशांवर?

गंगापूर रोडच्या चहाच्या टपरीवर भाच्याने विचारलं, "मामा, कर तर दोन्हीकडे ५ टक्केच. मग फरक काय?" मी बिलाच्या मागे आकडे मांडले.

भाव २ धरू. १०० लावले, जिंकलं तर २०० हातात. करच नसेल तर १०० पैकी ५० वेळा जिंकलं की बरोबरी होते.

कर पैजेवर असेल तर खिशातून १०५ जातात, मिळतात २००च. खरा भाव १.९० आणि बरोबरीसाठी ५२.५ टक्के विजय लागतात. कर फक्त नफ्यावर असेल तर १०० चे ९५ उरतात, भाव १.९५, विजय ५१.३ टक्के. हा फरक तसा थोडाच.

खरी मेख आहे ती कमी भावात. भाव १.२५ घ्या, म्हणजे 'हमखास' वाटणारा घोडा. नफा २५चा. पैजेवरचा कर त्यातले ५ नेतो, म्हणजे नफ्याचा पाचवा हिस्सा! बरोबरी ८० वरून ८४ टक्क्यांवर जाते. नफ्यावरचा कर नेतो फक्त सव्वा रुपया, बरोबरी ८०.८ वर. भाव ५ असेल तर दोन्ही जवळजवळ सारखेच: २१ आणि २०.८.

जर्मनीत क्रीडा पैजेवर ५.३ टक्के कर आहे, तो पैज हरली तरी लागतो. आपल्याकडे शर्यतीच्या जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के, आणि हरलेल्या पैजा त्यातून वजा होत नाहीत. त्या दराने २ चा भाव १.७० होतो, बरोबरी ५८.८ टक्क्यांवर. भाचा तो आकडा बराच वेळ बघत राहिला.