एनपीएसचे 50 लाख: 40 टक्के ॲन्युइटी की 60 टक्के?

आमचे काका सरकारी नोकरीतून रिटायर होतायत, एनपीएसमध्ये 50 लाख जमलेत. त्यांना कमीत कमी 40 टक्क्यांची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन आयुष्यभराची पेन्शन, घ्यावीच लागते, बाकी 60 टक्के हातात, तेही टॅक्स फ्री.

पहिला ऑप्शन म्हणजे 20 लाखांची ॲन्युइटी. रेट 6.5 टक्के धरला (मूळ रक्कम नंतर वारसाला परत मिळते तो प्रकार) तर वर्षाला 1,30,000, म्हणजे महिन्याला साधारण 10,833.

दुसऱ्यात 30 लाख टाकले तर महिना 16,250. काका लगेच म्हणाले, "मग हेच घेऊ ना!" पण थांबा, जास्तीचे 5,417 मिळवायला 10 लाख कायमचे अडकले. तेच 10 लाख सिनियर सिटिझन स्कीममध्ये 8.2 टक्क्यांनी ठेवले तर दर तीन महिन्यांनी 20,500, म्हणजे महिना 6,833 पडतात आणि अडीनडीला दंड भरून का होईना पैसे काढता येतात.

मात्र तो रेट पाच वर्षांपुरताच, पुढे कमी झाला तर झाला, ॲन्युइटीचा मरेपर्यंत बदलत नाही. अर्थात वाढतही नाही, महागाई कितीही वाढो. टॅक्स दोन्हीकडच्या उत्पन्नावर लागतो. मी तरी पहिलाच घेईन, फक्त हातातल्या 30 लाखांवर घरच्यांचा डोळा नसेल तर 😄