ऑर्डर रिजेक्ट झाली: तीच परत मारायची की कारण वाचून वागायचं?

अल्गो लिहिताना हा प्रश्न येतोच, रिजेक्ट झालं की लूप लावून दर सेकंदाला तीच ऑर्डर परत पाठवायची की कारण बघून ठरवायचं. लूप चार-पाच ओळींत होतो आणि कारणांचं लॉजिक लिहायला वेळ जातो हे खरंय, पण दोन्ही चालू मार्केटमध्ये कसे वागतात ते बघा.

समजा शेअरचा कालचा क्लोज २०० आणि बँड ५ टक्के, म्हणजे आज १९० ते २१० च्या बाहेर ऑर्डर जाणारच नाही. शेअर १९०.५० पर्यंत आपटला, अल्गोने एक रुपया बफर ठेवून १८९.५० ला सेल टाकली, रिजेक्ट. लूपवाला तीच १८९.५० मारत बसतो, ती दिवसभर रिजेक्टच होणार. कारण वाचणारा बँडची खालची किंमत बघून १९० ला ऑर्डर लावतो, समोर खरेदीदार असतील तर ती लगेच भरते, नसतील तर रांगेत उभी राहते. एकाच भावाला आधी आलेल्याचा नंबर आधी लागतो, त्यामुळे शेअर लोअर सर्किटला अडकला तर लूपमध्ये गेलेला प्रत्येक सेकंद म्हणजे तुमच्या पुढे अजून विकणारे. हे फक्त एक्झिटसाठी हां, एन्ट्री असेल तर भाव ओढूनताणून बँडमध्ये बसवू नका, ट्रेड सोडून द्या. आणि बँड सकाळी एकदाच वाचून ठेवू नका, एफअँडओमधल्या शेअर्सचा दिवसात बदलू शकतो, काइट कनेक्टमध्ये कोटच्या `lower_circuit_limit` मधून ताजा घ्या.

मार्जिनच्या बाबतीत लूप मला जास्त धोकादायक वाटतो, कारण तिथे तो कधीकधी यशस्वी होतो. ऑप्शन सेलला मार्जिन कमी पडलं, लूप चालूच, दहा मिनिटांनी दुसरी पोझिशन बंद होऊन पैसे मोकळे झाले आणि जुन्या सिग्नलची ऑर्डर लागली, तोवर भाव कुठल्या कुठे गेलेला. स्प्रेड असेल तर बऱ्याचदा फक्त क्रम चुकलेला असतो, आधी हेज बाय करा, ती पूर्ण भरली की सेल टाका, मार्जिन बरंच कमी लागतं. तरीही कमी पडलं तर हेज विकून मोकळे व्हा आणि तो सिग्नल रद्द करा.

रिट्राय शोभतो तो रेट लिमिटला, म्हणजे 429 आला तर थोडं थांबून परत. टाइमआउटला मात्र आधी ऑर्डर बुकमध्ये आपला टॅग शोधा, ऑर्डर पोचलेली असू शकते आणि मग डबल क्वांटिटी गळ्यात पडते. उलटंही होतं, `order_id` मिळाला म्हणजे ऑर्डर लागली असं नाही, नंतर स्टेटस `REJECTED` येऊ शकतं आणि कारण `status_message` मध्ये असतं.

माझं मत कारण वाचणाऱ्या पद्धतीला. मेसेजचे शब्द ब्रोकरगणिक वेगळे असतात, तेव्हा ओळखीचं कारण नसेल तर अल्गोने काहीही न पाठवता थांबावं आणि तुम्हाला अलर्ट द्यावा.