जिभेखालचा पडदा: आधी पाजणं सुधारायचं की लगेच कापून घ्यायचं?

बाळ १०-१२ दिवसांचं झालं की हा प्रश्न हमखास येतो. पाजताना जीव कळवळतो, बाळ अर्धा-पाऊण तास चोखून पुन्हा रडतं, आणि कोणीतरी तोंडात डोकावून म्हणतं, "अगं, याची जीभ चिकटलेली आहे." आईसमोर मग दोन रस्ते असतात. एक म्हणजे काही दिवस स्तनपान सल्लागाराबरोबर बसून पाजण्याची पद्धत सुधारणं, दुसरा म्हणजे लगेच पडदा कापून घेणं. दोन्ही योग्य ठरू शकतात. कोणता कधी, ते ठरवायला बाळाचं तोंड नीट तपासावं लागतं आणि पाजणं प्रत्यक्ष बघावं लागतं.

जिभेखाली पडदा प्रत्येकाला असतो, त्यामुळे तो दिसला म्हणजे दोष आहे असं नाही. बघायचं असतं ते जीभ काय करू शकते हे. ब्रिस्टलच्या तपासणी-पद्धतीत चार गोष्टी बघतात: जिभेचं टोक गोल आहे की मध्ये खाच पडून बदामासारखं दिसतं, पडदा खालच्या हिरडीच्या किती जवळ जोडलेला आहे, रडताना जीभ किती वर उचलली जाते, आणि ती हिरडीच्या पुढे येते का. प्रत्येकाला ० ते २ गुण. बेरीज ८ च्या जवळ असेल तर जीभ मोकळी. ३ किंवा त्याहून कमी असेल तर हालचाल बरीच अडलेली. मोबाइलवरच्या फोटोवरून यातलं फार थोडं कळतं. जीभ उचलली जाते का हे फोटो सांगत नाही.

गुण कमी आले म्हणजे कापायचंच, असंही नाही. जीभ आखूड असूनही मजेत पिणारी बाळं असतात. म्हणून तपासणीचा दुसरा अर्धा भाग म्हणजे एक पूर्ण पाजणं बघणं. बाळ किती तोंड उघडतं, सतत टकटक आवाज येतो का, पकड सुटून घसरते का, गिळण्याचा आवाज ऐकू येतो का. बाळाने सोडल्यावर स्तनाग्र गोल आहे की एका बाजूने तिरकं चपटं झालंय, हे मी नेहमी बघायला सांगते. चपटं म्हणजे ते जीभ आणि टाळूमध्ये दाबलं जातंय. मात्र उथळ पकडीनेही नेमकं हेच होतं, म्हणून ही खूण एकटी पुरेशी नाही.

आता एक उदाहरण धरू. बाळाचं जन्मवजन २.९ किलो, चौथ्या दिवशी २.६६, बाराव्या दिवशी २.७२. पहिल्या दिवसांत ८ टक्क्यांच्या आसपास घट झाली, ती चालून जाते. पण पुढच्या ८ दिवसांत जेमतेम ६० ग्रॅम वाढ, म्हणजे दिवसाला ७-८ ग्रॅम. हवी असते साधारण २० ते ३० ग्रॅम, आणि दोन आठवड्यांच्या आत जन्मवजन परत यायला हवं. आईच्या स्तनाग्राला भेगा आहेत. जिभेचे गुण ४.

पहिला रस्ता घेतला तर असं होतं. बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकवायचं, नाक स्तनाग्रासमोर, तोंड पूर्ण उघडेपर्यंत थांबायचं आणि मग हनुवटी आधी टेकवून जवळ ओढायचं. शिवाय दर पाजण्यानंतर दूध काढायचं, दिवसरात्र मिळून आठेक वेळा, आणि ते उकळून घेतलेल्या वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने बाळाला द्यायचं. वजन दोन-तीन दिवसांनी त्याच काट्यावर. यात आई थकते, घरात कोणीतरी तिच्या हाताशी लागतंच. पण बाळाचं पोट भरतं, आईचं दूध टिकतं, आणि खरं कारण जीभ आहे की पकड हे आठवड्याभरात उलगडतं. त्या आठवड्यात वेदना कमी झाल्या आणि काढलेलं दूध कमी करत नेलं तरी वजन दिवसाला २५-३० ग्रॅमने वाढत राहिलं, तर कापायची गरज उरत नाही. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कापण्यासाठी पाठवलेल्या ११५ बाळांची सविस्तर तपासणी झाली, तेव्हा जवळपास ६३ टक्के बाळांना शेवटी शस्त्रक्रिया लागली नाही.

दुसरा रस्ता कधी? पकड सुधारूनही दुखणं तसंच, स्तनाग्र दर वेळी चपटं, जीभ हिरडीपुढे येत नाही, आणि वजन केवळ वरून दिलेल्या दुधावरच वाढतंय. अशा वेळी आणखी आठवडे ताणू नये, कारण नीट रिकामा न होणारा स्तन हळूहळू दूध कमी करतो. गुण १-२ असतील, पडदा थेट टोकाशी जोडलेला असेल आणि आई कळवळत असेल, तर मी आठवडाभर थांबायलाही सांगत नाही.

कापणं छोटं असतं. बाळाला घट्ट गुंडाळतात, साखरेच्या पाण्याचे थेंब देतात, जीभ वर उचलून बोथट टोकाच्या कात्रीने पडदा कापतात. काही सेकंद, दोन-चार थेंब रक्त, आणि लगेच अंगावर. नंतर जिभेखाली पांढरट डाग दिसतो, तो पू नसून भरणारी जखम असते. आधी दोन गोष्टी नक्की विचारायच्या: जन्मल्यावर व्हिटॅमिन के दिलं होतं का, आणि घरात कोणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का. रक्तस्राव क्वचित होतो, पण लहान बाळात तो गंभीर ठरतो.

फायदा किती? कॉक्रेन ही संस्था वेगवेगळ्या चाचण्यांचे निकाल एकत्र तपासते; तिच्या २०१७ च्या आढाव्यात पाच चाचण्या आणि ३०२ बाळं होती. आईच्या वेदना काही काळ कमी झाल्याचं दिसलं. बाळाचं पिणं सुधारल्याचं सातत्याने दिसलं नाही. म्हणजे मुख्य तक्रार दुखण्याची असेल तर कापण्याकडून जास्त अपेक्षा ठेवता येते. वजनाची असेल तर आधी दूध किती येतंय हे तपासा. आईचा थायरॉइड, बाळंतपणातला मोठा रक्तस्राव, नऊ महिन्यांआधी जन्मलेलं झोपाळू बाळ, कावीळ, ही कारणं जिभेमागे लपतात.

कात्री की लेझर यावर फार वेळ घालवू नका. लेझर सरस असल्याचा पुरावा नाही, खर्च मात्र वाढतो. 'मागचा पडदा', म्हणजे जिभेच्या मुळाकडे दडलेला, किंवा वरच्या ओठाचा पडदा कापायला सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. कापल्यावर जखम बोटाने ताणत राहण्याचे व्यायाम अमेरिकी बालरोग अकादमीच्या २०२४ च्या अहवालाने सुचवलेले नाहीत. आणि "पुढे बोबडं बोलेल" या आजीच्या काळजीपोटी तान्ह्या बाळाचा पडदा कापू नये. बोलण्याचं मूल बोलायला लागल्यावर बघता येतं.

यातल्या कशासाठीही थांबून राहायचं नाही अशी एक वेळ आहे: पाचव्या-सहाव्या दिवसानंतर २४ तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी, वजनात १० टक्क्यांहून जास्त घट, किंवा पाजायलाही न उठणारं बाळ. तेव्हा जिभेचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे.

कापून घेतलंत तरी पकडीवरचं काम तसंच चालू ठेवा. बाळाला मोकळी जीभ वापरायला शिकायला वेळ लागतो. चार-पाच दिवसांनी वजन करा, आशाताई घरी येत असतील तर त्यांच्या काट्यावरही चालेल, फक्त काटा बदलू नका. दोन आठवड्यांत दुखणंही हललं नाही आणि वजनही, तर पुन्हा कापायला जाण्याआधी आईचं दूध आणि बाळाची तब्येत नव्याने तपासून घ्या.