माइटर कटचे पैसे घेतले, कोपऱ्यात पुट्टी भरली : डिचोलीतला २३,६०० रुपयांचा धडा

आधी आकडे सांगतो, कारण तेवढंच लपवायचा मोह होतो. एकूण बिल २३,६०० रुपये. त्यातले १५,००० आगाऊ, ८,६०० काम झाल्याच्या संध्याकाळी. चवथ आठ दिवसांवर होती, गणपतीवर फळाफुलांच्या माटोळीची बांधणी व्हायची होती, आणि चवथीआधी घर रंगवून मोकळं करायची घाई गोव्यात कुणाला नसते? घाई होती म्हणून पैसे दिले. मूर्ख होतो म्हणून नाही, असं मी अजून स्वतःला सांगतो.

काम साधं होतं. १८ बाय १२ फुटांचा हॉल, छत आणि भिंत यांच्या सांध्यात तीन इंची लाकडी कॉर्निस. तीन इंच भिंतीवर खाली, तीन इंच छतावर पुढे. एका लांब भिंतीत खांब बाहेर आलेला, १५ इंच रुंद आणि ९ इंच पुढे. म्हणजे आतले कोपरे सहा, बाहेरचे दोन. भिंतीवरून मोजलं तर साडेएकसष्ट फूट. बिलात काय आलं बघा: आठ फुटी १३ लांब्या, १०४ फूट, १४० रुपये दराने १४,५६०. बसवण्याची मजुरी ६० रुपये फूट, तीही १०४ फुटांवर, ६,२४०. आणि 'माइटर कोपरा', म्हणजे दोन पट्ट्यांची टोकं तिरकी कापून जुळवलेला सांधा, ३५० रुपयांप्रमाणे आठ कोपऱ्यांचे २,८००. भिंतीवर न लागलेल्या लाकडाचीही बसवणावळ मी दिली. हे लिहितानाच कान गरम होतात.

या कामाला नऊ लांब्या पुरतात, दहावी राखीव. तुकड्यांची मांडणी नीट केली तर आठव्या लांबीतच मामला संपतो, पण लाकूड दगा देतं म्हणून दहा धरूया. १०४ फूट आणून साडेएकसष्ट फूट लावलं, तर साडेबेचाळीस फूट उरायला हवं. माझ्या पडवीत उरलेले तुकडे होते सतरा-अठरा फुटांचे, सरपणाला ठेवलेले. म्हणजे माल बहुधा दहाच लांब्यांचा उतरला. बाकीच्या तीन लांब्या माल पोचल्याच्या चलनावरच आल्या, आणि त्या चलनावर सही माझी. दहा लांब्यांचे पैसे आणि भिंतीवरच्या साडेएकसष्ट फुटांची मजुरी धरली, कोपऱ्यांचे पैसेही पूर्ण धरले, तरी १७,६९० होतात. वरचे ५,९१० निव्वळ माझ्या झोपेचे.

पण खरी चीड त्या कोपऱ्यांची.

जो क्षण चुकला तो असा. पहिल्या दिवशी सकाळी कारागिराने माइटर बॉक्स, म्हणजे ४५ अंशांच्या खाचांतून करवत चालवायचा उघडा लाकडी खोका, मांडला आणि कॉर्निसची पट्टी त्यात पाठीवर आडवी निजवली, फोटोफ्रेमची पट्टी ठेवतात तशी. मी तिथेच उभा होतो. कॉर्निस अशी कापत नाहीत हे मला माहीत आहे. मी तोंड उघडलंही. तो म्हणाला, "पात्रांव, पुट्टी मारली की काही दिसत नाही." आणि मी चहा आणायला आत गेलो! तिथेच काम थांबवायला हवं होतं.

का ते सांगतो. कॉर्निस भिंतीला आणि छताला चिकटून तिरकी बसते, मध्ये मागे पोकळी असते. ती ज्या कलाने बसणार त्याच कलाने बॉक्समध्ये उभी राहिली तरच ४५ अंशाची खाच कामाची. त्यासाठी ती उलटी धरतात: बॉक्सचा तळ म्हणजे छत, पलीकडची भिंत म्हणजे घराची भिंत. छताला लागणारी कड तळावर, भिंतीला लागणारी कड वर, पलीकडच्या बाजूला टेकलेली. पट्टी घसरू नये म्हणून तळावर एक बारीक पट्टी खिळ्याने ठोकून अडसर करतात, नाहीतर करवतीच्या प्रत्येक ओढीला कल बदलतो. आडवी निजवून कापायची असेल तर पातंही झुकवावं लागतं. ४५ अंश कलाच्या कॉर्निसला खाच ३५.३ अंशांची आणि पात्याचा झोक ३० अंशांचा हवा. लाकडी माइटर बॉक्सला झोक देताच येत नाही. म्हणजे आडव्या पट्टीचा सांधा जुळणारच नव्हता, आणि हे कारागिरालाही ठाऊक होतं. २० किलोची पुट्टीची गोणी त्याने पहिल्याच दिवशी आणली होती. आठ कोपऱ्यांना २० किलो! मला वाटलं भिंतीसाठी असेल.

आता खांबाकडे या, कारण फसवणूक तिथेच सगळ्यात उघडी आहे. बाहेरच्या कोपऱ्यावर छताची कड भिंतीच्या कोपऱ्यापलीकडे तीन इंच जाते, आतल्या कोपऱ्यात ती तीन इंच आखूड राहते. दोन्हीकडे माप भिंतीच्या कडेवरच घ्यायचं. खांबाच्या समोरच्या तुकड्याला दोन्ही टोकं बाहेरची, म्हणून भिंतीची कड १५ इंच आणि छताची २१. लाकूड घेताना २१ धरावं लागतं. १५ धरून छताच्या कडेवर खूण केली, तर भिंतीची कड ९ इंचांवर येते आणि तुकडा वाया. बाजूचा तुकडा त्याहून मजेशीर आहे. एक टोक आतलं, एक बाहेरचं, त्यामुळे दोन्ही कडा ९ इंचच, पण एकमेकींपासून तीन इंच सरकलेल्या. दोन्ही काप समांतर, म्हणजे दोन्ही एकाच खाचेतून. त्याला लाकूड १२ इंच लागतं. एवढा आखूड तुकडा बॉक्समध्ये धरवत नाही, म्हणून एक टोक लांब पट्टीवरच कापून मग दुसरं कापायचं.

उलटं धरल्यामुळे डावं-उजवं बदलतं, आणि बहुतेक लांब्या तिथेच फुकट जातात. कापून झाल्यावर तुकडा समोरून बघा. लाकडाचा कापलेला उघडा चेहरा दिसत असेल तर तो आतल्या कोपऱ्याचा, मागे लपला असेल तर बाहेरच्याचा. एकाच कापाने जे दोन तुकडे होतात, त्यांतला एक आतल्याचा असतो आणि एक बाहेरच्याचा. जाणकार माणूस फूटभराचे चार नमुने कापून त्यांवर 'आत डावा', 'बाहेर उजवा' असं पेन्सिलीने लिहून ठेवतो. असे नमुने मागा. नसतील तर आगाऊ रक्कम देऊ नका.

माझ्या खांबावर काय होतं? दिवाळीनंतर हवा सुकली आणि दोन्ही बाहेरच्या कोपऱ्यांवर केसाएवढी रेघ उमटली. चाकूचं टोक लावलं तर पुट्टीचा लगदा भसकन खाली आला. आत तीन खिळे, त्यांच्याभोवती वर्तमानपत्राचा बोळा. तुकडे ४५ अंशांत कापलेच नव्हते. सरळ काटकोनात कापून खांबाच्या कडेशी संपवले होते, आणि छतावरचा तीन बाय तीन इंचांचा रिकामा चौकोन कागद-खिळे-पुट्टीने हाताने घडवला होता. याचेच प्रत्येकी ३५० रुपये मी दिले. पावसाळ्यात लाकूड ओलावा धरून फुगतं, दिवाळीनंतर आकसतं, आणि पुट्टीचा असा गठ्ठा त्याच्याबरोबर हलत नाही. म्हणून तो पहिल्याच कोरड्या हवेत सुटला.

कारागीर म्हणाला, तुमच्या भिंतीच वाकड्या. हे मात्र अर्धं खरं आहे, म्हणून नीट लिहितो. चिऱ्याच्या जुन्या घरात कोपरा काटकोनात असेलच असं नाही. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करून तिरकं अंतर मोजा. ५ फूट आलं तर काटकोन. माझ्या एका कोपऱ्यात ५ फूट १ इंच आलं, म्हणजे सुमारे ९२ अंश. तिथे ४५चे दोन काप लावले तर मागे सांधा बंद, पण छताच्या कडेला पावणेचार मिलिमीटर फट. ती पुट्टीने भरायची नसते, काप बदलायचा असतो. कॉर्निसचा एक सरळ तुकडा आधी एका भिंतीला, मग दुसऱ्या भिंतीला लावून छतावर पुढच्या कडेच्या रेघा मारायच्या. त्या जिथे छेदतात तिथून कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली की तीच कापाची रेघ. ती बॉक्समध्ये आणायला पट्टी आणि बॉक्सची भिंत यांच्यामध्ये एका टोकाला पुठ्ठ्याचा पाचर सरकवतात. फूटभर लांबीवर पाच मिलिमीटर पाचर म्हणजे साधारण एक अंश. आतल्या कोपऱ्याला दुसरी वाटही आहे: एक पट्टी सरळ भिंतीपर्यंत नेऊन, दुसरीचा ४५ काप नक्षीच्या कडेवरून कोपिंग सॉने, म्हणजे वळणावर फिरणाऱ्या बारीक पात्याच्या करवतीने, मागून कोरून तिच्यावर बसवणं. भिंत वाकडी असली तरी हा सांधा बंद राहतो. बाहेरच्या कोपऱ्याला ही पळवाट नाही.

तेव्हा भिंतीचं कारण ऐकून गप्प बसू नका. रंग लावण्याआधी सांध्यात एटीएम कार्ड घालून बघा. ते आत शिरलं तर तो सांधा परत कापायचा. कार्ड शिरत नाही एवढी फट सीलंटने बुजवली तर माझी तक्रार नाही.

तक्रारीचं विचाराल तर हसाल. चौकीवर गेलो. "हे दिवाणी प्रकरण," असं म्हणून खुर्चीसुद्धा दिली नाही. मी लगदा आणि खिळे पिशवीतून नेले होते, तेही परत पिशवीत. दुसऱ्या एका कार्यालयात एका साहेबाने बिल उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "कोपरा म्हणजे चार ना? आठ कसे?" खांबाचे समजावले. म्हणाले, मग खांबाचा वेगळा अर्ज करा. तिसऱ्या ठिकाणी सांगितलं, पुट्टी कुठे नसते? तीन चकरा, दोन अर्ज, झेरॉक्सचे ८४ रुपये, आणि शेवटी 'आपसात मिटवा' हा सल्ला फुकट. आपसात मिटलं असतं तर मी पिशवी घेऊन फिरलो असतो का? एक मात्र कुणी सांगितलं नाही, ते मीच सांगतो: जिल्हा ग्राहक आयोगात, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रारीबरोबर बिल, चलन आणि कोपरा फोडण्याआधीचे फोटो जोडा. मी आधी चाकू लावला, फोटो नंतर काढले. तुम्ही तसं करू नका.

आणि चलनावर लांब्या स्वतः मोजून आकडा अक्षरात लिहा. दर ठरवताना मजुरी 'भिंतीवर मोजलेल्या फुटांवर' असं लिहून घ्या. उरलेले तुकडे तुमच्या समोर मोजल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. माझ्या खांबाचे तीन तुकडे मी गेल्या आठवड्यात परत कापले. समोरचा एक, खाली १५ आणि वर २१. बाजूचे दोन, दोन्ही कडा नऊ-नऊ. लाकूड सरपणातल्या त्या तुकड्यांमधूनच निघालं.