आठ महिने वापरलेलं दरपत्रक: एका जिल्हा दैनिकाच्या रेट कार्डाचा अनुभव

साताऱ्यात माझी दोन माणसांची जाहिरात एजन्सी आहे. मी आणि आमचा डिझायनर, बस. ज्या दैनिकाच्या दरपत्रकाबद्दल लिहितोय त्याचं नाव देत नाही. ते नवं दरपत्रक 1 एप्रिल 2025 पासून लागू झालं आणि नोव्हेंबर संपेपर्यंत मी त्यावर बुकिंग केली. छापण्याआधी त्याचा मसुदा तपासायला माझ्याकडेच आला होता, त्यामुळे यातले काही दोष माझ्या नजरेतून निसटलेले आहेत, हे आधीच कबूल करतो.

मसुदा माझ्याकडे यायला कारण होतं 2024 च्या दसऱ्याचं बिल. आमचे एक सराफ ग्राहक आहेत, सगळे त्यांना शेठच म्हणतात. त्यांची पाव पान जाहिरात, 16 सेमी रुंद, 25 सेमी उंच, पान तीनवर, दसऱ्याच्या अंकात. दर 90 रुपये चौरस सेंटिमीटर. जुन्या दरपत्रकात लिहिलं होतं: पान तीनसाठी 40 टक्के जादा, सणासुदीला 25 टक्के जादा, सहा जाहिरातींच्या करारावर 20 टक्के सूट. शेठ करारात होते. वाचायला अगदी सरळ. मी शेठना 49,896 रुपये सांगितले, बिल आलं 58,590 रुपयांचं. दोघांनीही आकडेमोड बरोबर केली होती.

झालं असं. 400 चौ.सेमी. गुणिले 90 म्हणजे मूळ रक्कम 36,000. मी 40 आणि 25 यांची बेरीज केली, मूळ रकमेवर 65 टक्के लावले, झाले 59,400. त्यातून 20 टक्के सूट वजा केली, 47,520 उरले, वर 5 टक्के जीएसटी. दैनिकाच्या बिलिंगवाल्यांनी आधी पान तीनचे 40 टक्के चढवले, 50,400 आले, त्या वाढलेल्या रकमेवर सणाचे 25 टक्के चढवले, 63,000 झाले. आणि सूट मात्र फक्त मूळ 36,000 वर दिली, म्हणजे 7,200. उरले 55,800, वर जीएसटी. फरक 8,694 रुपयांचा, आणि तो माझ्या खिशातून गेला, कारण शेठना मी आकडा लेखी दिला होता.

त्या भांडणानंतर जाहिरात व्यवस्थापकांनी फेब्रुवारीत मसुदा पाठवला आणि फोनवर म्हणाले, "तुम्हीच बघा आता, पुन्हा ओरडू नका." दर वाचत बसण्यात अर्थ नव्हता, दर तर त्यांनी ठरवलेलेच होते. मी तीच दसऱ्याची जाहिरात तीन माणसांना दिली: आमचा डिझायनर, शेठच्या दुकानातले हिशेबनीस आणि दैनिकाचाच एक नवा प्रतिनिधी. अट एकच, कुणाला काही विचारायचं नाही, हातातल्या कागदावरून जीएसटीआधीची रक्कम काढायची. उत्तरं आली 47,520, 52,200 आणि 50,400. म्हणजे मसुद्यातही जुनाच घोळ जसाच्या तसा होता, आणि माझ्या बिलातली 55,800 ही चौथी रक्कम तर कुणाच्या डोक्यातही आली नाही. ही तीन उत्तरं मी एका कागदावर लिहून व्यवस्थापकांना दिली. त्यांनी काही वाद घातला नाही.

नव्या दरपत्रकात म्हणून एक ओळ आली: सर्व जादा आकार मूळ रकमेवर, एकत्र बेरीज करून, सूट जादा आकारासह झालेल्या एकूण रकमेवर, जीएसटी शेवटी, सूट वजा झाल्यावर. आणि खाली सोडवलेलं एक उदाहरण. ते छापून घ्यायला मला दोन आठवडे भांडावं लागलं, कारण त्यांच्या मते त्याने "जागा खाल्ली". पण दरपत्रकावरची सगळ्यात उपयोगी चार इंच जागा तीच आहे. एजन्सीचं 15 टक्के कमिशन कशावर धरायचं तेही त्याच ओळीत घ्या म्हटलं, तर ते मात्र वेगळ्या पत्राने कळवलं. ग्राहकाच्या हातात पडणाऱ्या कागदावर ते नको, असं त्यांचं म्हणणं. पटलं.

याची किंमतही मोजावी लागली. हिशेबाची पद्धत एजन्सीच्या सोयीची झाली म्हटल्यावर सणाचा जादा आकार 25 वरून 30 टक्के झाला. तीच पाव पान जाहिरात आता 36,000 वर 70 टक्के, म्हणजे 61,200, सूट जाऊन 48,960 आणि जीएसटीसह 51,408 ला पडते. माझ्या जुन्या आकड्यापेक्षा दीड हजाराने महाग. 30 एप्रिलच्या अक्षय तृतीयेला पहिल्यांदा लावली आणि बिल आलं 51,408. शेठनी बिल आणि माझी चिठ्ठी शेजारी ठेवून बघितली आणि काही न बोलता चेक लिहिला. त्यांच्याकडून हे विशेष आहे.

मापांच्या बाबतीत नवं दरपत्रक खरोखर चांगलं उतरलं. आधी नुसतं "4 कॉलम" लिहायचे. बिलात एक कॉलम 4 सेमीचा धरतात, म्हणून चार कॉलमचे 16. पण पानावर कॉलमची खरी रुंदी 3.8 सेमी आहे आणि दोन कॉलमांमध्ये मोकळी पट्टी असते, त्यामुळे चार कॉलमांची जागा भरते 16.3 सेमी. डिझायनरने आर्टवर्क 16 चं केलं की कडेला पांढरी फट दिसायची. 17 चं केलं की ते दाबून बसवायचे, आणि शेठच्या मंगळसूत्राची वाटी लांबट व्हायची. आता तक्त्यात दोन वेगळे रकाने आहेत, बिलाची रुंदी आणि आर्टवर्कची रुंदी: 4 आणि 3.8, 8 आणि 8, 16 आणि 16.3, 32 आणि 32.9. शिवाय रुंदी आधी, उंची नंतर, असं वरच लिहिलंय. आठ महिन्यांत मापावरून एकही फोन झाला नाही. "अर्धं पान" आडवं की उभं याची चित्रं दिली असती तर बरं झालं असतं, पण त्यावाचून अडलं नाही.

मुदतीत मात्र मी फसलो, आणि ती माझीच चूक म्हणायची. मसुद्यात ओळ होती: "प्रकाशनाच्या दोन दिवस आधी सायंकाळी 5 पर्यंत." मी वाचली, ठीक आहे म्हटलं. श्रावणातला पहिला सोमवार होता 28 जुलै. त्या दिवशी जाहिरात हवी म्हणून रिलीज ऑर्डर शुक्रवारीच पाठवली आणि आर्टवर्क शनिवारी दुपारी चारला. सोमवारच्या दोन दिवस आधी शनिवारच. दैनिकाने मात्र दोन कामाचे दिवस धरले होते. रविवारी जाहिरात विभाग बंद, म्हणून एक दिवस शनिवार, दुसरा शुक्रवार. शनिवारी चारला पान तीनची जागा दुसऱ्याला गेलेली होती. वर त्यांचं असंही म्हणणं की ती मुदत ऑर्डरची आणि आर्टवर्कची एकच आहे. मी ती फक्त आर्टवर्कची समजत होतो. जाहिरात बुधवारी, 30 ला लागली. सोमवारच्या योजनेची जाहिरात बुधवारी वाचणाऱ्या गिऱ्हाइकांना दुकानात काय उत्तरं द्यावी लागली असतील, ते शेठनी मला सविस्तर सांगितलं.

ही ओळ कशी असायला हवी होती ते नंतर मीच कागदावर मांडलं. शब्दांत नकोच, वारांचा तक्ता हवा. अंक सोमवारचा असेल तर ऑर्डर गुरुवारी 5 पर्यंत, आर्टवर्क शुक्रवारी 5 पर्यंत, रद्द करायची असेल तर गुरुवारी. मंगळवारचा असेल तर अमुक. सात ओळी, तीन रकाने. "आधी" आणि "पर्यंत" हे शब्द त्यात कुठेही मोजायला लागत नाहीत. ऑगस्टमध्ये त्यांनी तसा तक्ता वेगळ्या कागदावर काढून सगळ्या एजन्सींना वाटला. मी तो दरपत्रकाच्या मागे चिकटवलाय.

सणाच्या तारखा त्यांनी छापल्या होत्या, हे चांगलं. "सणासुदीला" या शब्दावर पूर्वी दर वेळी नव्याने ठरायचं, की सणाच्या आदल्या दिवशीच्या अंकाला जादा आकार आहे की नाही. नव्या कागदावर 30 एप्रिल, 27 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 18 ते 23 ऑक्टोबर असं स्पष्ट होतं. शेठच्या सहा जाहिरातींच्या करारातली सहावी मी पाडव्याला, 22 ऑक्टोबरला ठेवली. प्रतिनिधीने ऑर्डर घेतली, सही केली. दोन दिवसांनी त्याचाच फोन: "साहेब, 22 ला अंकच नाही हो." लक्ष्मीपूजनाला, 21 ला कार्यालय बंद, म्हणजे दुसऱ्या दिवशी अंक निघत नाही. जादा आकाराच्या तारखांत 22 होती, आणि त्या दिवशी अंकच नव्हता! तारखांची ओळ मसुद्यात मी तपासली होती ती पंचांग घेऊन. त्यांच्या सुट्ट्यांची यादी मागितली नव्हती.

इथून पुढचं सगळ्यात मजेशीर. शेठ 23 ला लावायला तयार नव्हते, पाडव्याची योजना पाडव्यालाच. म्हणजे जाहिराती झाल्या पाच. दरपत्रक सांगतं: 1 एप्रिल ते 31 ऑक्टोबर या काळात प्रकाशित झालेल्या सहा जाहिरातींवर 20 टक्के, तीन ते पाचवर 10 टक्के, आणि करार अपुरा राहिल्यास फरकाची वसुली. "प्रकाशित झालेल्या" हा शब्द मीच सुचवला होता, बुक केलेल्या नव्हे, म्हणून. तो माझ्यावरच उलटला. पाच जाहिरातींची सूट वजा होण्याआधीची रक्कम 2,73,600 होती. 10 टक्के म्हणजे 27,360 रुपये, अधिक जीएसटी, शेठकडून परत मागितले जाणार होते.

रात्री दरपत्रक पुन्हा काढून बसलो. सहा जाहिराती असं लिहिलं होतं, किती मोठ्या ते कुठेच नव्हतं. ना किमान आकार, ना पानाची अट. 31 ऑक्टोबरच्या अंकात दोन कॉलम रुंद, 5 सेमी उंच जाहिरात दिली, आतल्या पानावर. 8 गुणिले 5, चाळीस चौ.सेमी., मूळ रक्कम 3,600. मजकूर: दुकान रविवारीही उघडे राहील. दुकान रविवारी तसंही उघडंच असतं.

बिलिंगने दोन दिवस हरकत घेतली, मग कागदावरची ओळ वाचली आणि 20 टक्के कायम ठेवले. व्यवस्थापकांचा फोन आला. "हे तुम्ही मसुदा तपासताना का नाही सांगितलं?" म्हटलं, "तेव्हा दिसलं असतं तर सांगितलं असतं, साहेब." पुढच्या वर्षीच्या मसुद्यात करारातल्या प्रत्येक जाहिरातीला किमान 100 चौ.सेमी. अशी ओळ आली आहे. तो मसुदा याच आठवड्यात माझ्याकडे आलाय, आणि यावेळी त्यांच्या सुट्ट्यांची यादीही सोबत जोडलेली आहे.